वन बीएचकेत वॉशिंग मशिन आणि फ्रिज कुठे बसवायचे?

सांगलीत विश्रामबागेच्या किंवा मिरज रस्त्याच्या बाजूला जे लहान फ्लॅट होतायत, त्यांच्या ब्रोशरमध्ये फ्रिज आणि वॉशिंग मशिनचे चौकोन आधीच काढलेले असतात. त्या चौकोनांत दोन्ही वस्तू मापात बसतातही. पण नकाशातल्या फ्रिजचं दार कधी उघडत नाही आणि मशिनच्या मागून पाइप निघत नाही. सामान आल्यावर मात्र फ्रिज उघडला की स्वयंपाकघरात शिरता येत नाही, नाहीतर मशिनचं दार भिंतीला थटतं. मग हॉलमधला सोफा हलतो, डायनिंग टेबल गच्चीवर जातं आणि सगळ्या घराची मांडणी त्या दोन वस्तूंभोवती फिरायला लागते.

म्हणून हे काम दुकानात जायच्या आधी करायचं. मॉडेल ठरवून मग जागा शोधायला गेलात तर उलट्या बाजूने सुरुवात होते. लागणारं सामान म्हणजे एक मापाची टेप, खडू, जुनी वर्तमानपत्रं आणि एक बादली. आणि सुरुवात मशिनपासून करायची, फ्रिजपासून नाही. फ्रिजला एक प्लग मिळाला की तो कुठेही राहतो, आणि प्लग पाच-सात फूट सरकवणं हे वायरमनचं तासाभराचं काम असतं. मशिनला नळ, पाणी जायची जाळी आणि प्लग हे तिन्ही हाताच्या अंतरावर लागतात, कारण सोबत येणारा पाण्याचा पाइप आणि वायर साधारण दीड-दीड मीटरच असतात. त्यातली जाळी हलवायची तर फरशी फोडावी लागते आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छतापर्यंत प्रकरण जातं.

समजायला सोपं पडावं म्हणून एकच फ्लॅट शेवटपर्यंत घेऊन चालू. माझ्या मामेबहिणीचा हा फ्लॅट विश्रामबागेत तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. हॉलमधून स्वयंपाकघरात शिरलं की डाव्या भिंतीला सलग दोन फुटी ओटा लागतो. खोलीची रुंदी साडेसात फूट आणि लांबी साडेआठ फूट. समोरच्या भिंतीत, ओटा संपतो तिथेच, ड्राय बाल्कनीचं अडीच फुटी दार आहे आणि दाराच्या उजवीकडे कोपऱ्यापर्यंत ३४ इंच भिंत उरते. उजवी भिंत पूर्ण मोकळी. ड्राय बाल्कनी साडेसात फूट लांब आणि आतून ४० इंच रुंद. तिच्या डाव्या टोकाला बाहेरच्या कठड्याच्या भिंतीवर नळ, खाली कोपऱ्यात जाळी आणि आतल्या भिंतीवर चार फूट उंचीवर प्लग.

पहिली पायरी: पाणी जातं कुठे आणि किती वेगाने

आमच्याकडचा प्लंबर कुठल्याही घरी गेला की नळाकडे बघतच नाही. "पाणी जाणार कुठं ते आधी बगा ताई, मशिन कुठं बसवायचं ते मागनं बगू," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तो सरळ जाळी उचलतो, खालच्या नाहणी ट्रॅपमध्ये बिल्डरच्या वेळचं सिमेंट साचलंय का ते बोटाने चाचपतो आणि दोन भरलेल्या बादल्या एकापाठोपाठ एक जाळीवर ओततो. ही परीक्षा तुम्हीही करा. मशिन धुण्याचं पाणी थेंबथेंब सोडत नाही, पंपाने जोरात फेकतं. बादल्या ओतल्यावर पाणी बाल्कनीत पसरून उंबऱ्यापर्यंत चढलं आणि मिनिटभर तिथेच राहिलं, तर मशिनचं फेसाळ पाणी स्वयंपाकघरात येणार हे नक्की. ट्रॅप साफ करून पुन्हा ओतायचं. तरीही उतरत नसेल तर पाइप बारीक आहे किंवा उतार उलटा आहे, आणि त्या जागेचा विचार सोडलेला बरा.

याच वेळी जाळीचा पाइप खाली कशाला जोडलाय तेही सोसायटीत विचारून घ्या. काही इमारतींत ड्राय बाल्कनीची जाळी पावसाच्या पाण्याच्या पाइपला दिलेली असते. तसं असेल तर तुमचं साबणाचं पाणी खाली पार्किंगमध्ये उघड्यावर पडतं आणि पहिल्याच महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघतं.

कुठल्या प्रकारचं मशिन घ्यायचं तेही या जाळीवरून बरंचसं ठरतं. सेमी ऑटोमॅटिक आणि काही टॉप लोड मशिनना पाणी बाहेर टाकायला पंप नसतो, पाणी नुसत्या उताराने जातं. त्यांचा पाइप जमिनीलगत जाळीपर्यंत पोचायला हवा, मध्ये उंबरा किंवा चढ आला की पाणी टबातच राहतं. फ्रंट लोडला पंप असतो, त्यामुळे त्याचं पाणी थोडं वर चढवून मोरीतही सोडता येतं. पण त्याची अडचण वेगळी आहे. त्याचा पाइप मागच्या मागे सरळ जमिनीवर सोडला तर मशिन पाणी घेत असतानाच ते खालून निघून जातं. बाहेरून दिसतं ते असं: नळ चालू, जाळीवर बारीक धार चालू, आणि कपडे मात्र कोरडेच. म्हणून पाइप आधी मशिनच्या पाठीवरच्या क्लिपमधून वर नेऊन, म्हणजे साधारण दोन ते तीन फूट उंचीवरून, मग खाली सोडायचा. जाळीत खोचताना कापड कोंबून तो घट्टही बसवायचा नाही, शेजारून हवा जायला जागा हवी.

नळाचा दाब

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे वाचावं, बाकीच्यांनी पुढे गेलं तरी चालेल. बऱ्याच फ्रंट लोड मशिनच्या माहितीपत्रकात पाण्याचा दाब कमीत कमी ०.३ बार हवा असं लिहिलेलं असतं. साध्या भाषेत, टाकीतलं पाणी नळापेक्षा निदान तीन मीटर, म्हणजे दहा फूट उंच हवं. आमच्या उदाहरणात नळ जमिनीपासून तीन फुटांवर आहे, म्हणजे गच्चीपर्यंत सात फूट. त्यावर टाकीचा कट्टा चार फूट. एकूण अकरा. कागदावर जमतं, पण पाइपातल्या वळणांमध्ये थोडा दाब जातोच. अशा काठावरच्या घरात बादली लावून बघायची. दहा लिटरची बादली दीड मिनिटात भरली तर चालून जातं. दोन मिनिटांच्या पुढे गेली तर दुकानदाराला तसं स्पष्ट सांगून कमी दाबावर चालणारं टॉप लोड मॉडेल मागा, किंवा लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवायची तयारी ठेवा. बादली सकाळी सातला लावा, दुपारी नाही. सगळ्या इमारतीचे नळ चालू असताना जे पाणी येतं तेच खरं.

नळाचा आटाही बघून ठेवा. मशिनचा पाइप पाऊण इंची असतो आणि बिल्डरने बसवलेला साधा नळ बहुतेक वेळा अर्ध्या इंची. वॉशिंग मशिनसाठीचा वेगळा कॉक हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो आधीच बसवून घ्या. बसवायला आलेला माणूस त्या दिवशी कॉक नाही म्हणून परत गेला की पुन्हा चार दिवस वाट बघायची वेळ येते.

दुसरी पायरी: मशिन जमिनीवर कागदाने मांडून बघा

आता मापं. सात किलोचं फ्रंट लोड साधारण २४ इंच रुंद, २२ इंच खोल आणि साडेतेहेतीस इंच उंच असतं. मोठ्या क्षमतेला खोली वाढते, रुंदी तीच राहते. टॉप लोड २२ इंच रुंद आणि जवळजवळ तेवढंच खोल, उंची तीन फुटांच्या थोडी वर. सेमी ऑटोमॅटिक खोलीला कमी, पण रुंदीला अडीच फुटांच्या पुढे जातं. माहितीपत्रकात मापं मिलिमीटरमध्ये असतात, त्यांना २५.४ ने भागलं की इंच मिळतात.

पण हे झालं मशिन बंद असतानाचं माप. त्यात पाठीमागच्या पाइपांसाठी चार इंच धरायचे. फ्रंट लोडच्या पुढे दार उघडायला दीड फूट आणि त्याच्या पुढे वाकणाऱ्या माणसाची जागा. टॉप लोडला पुढे कमी जागा लागते, पण झाकण उघडल्यावर उंची सव्वाचार फुटांपर्यंत जाते. त्यामुळे वर फडताळ किंवा गीझर टांगायचा विचार असेल तर तो आधीच मोजा.

वर्तमानपत्राचे कागद चिकटवून मशिनएवढा चौकोन करा आणि जागेवर ठेवा. पुढे दाराचा अर्धगोल खडूने काढा. मग हातात बादली घेऊन त्याच्यासमोर खरंच वाका. बघणाऱ्याला हसू येईल, येऊ दे.

मामेबहिणीच्या ड्राय बाल्कनीत बिल्डरच्या मनात होतं ते असं: मशिनची पाठ कठड्याला, नळाच्या खाली, तोंड स्वयंपाकघराच्या भिंतीकडे. कागद ठेवल्यावर हिशोब निघाला. मशिन २२ आणि पाइप ४, मिळून २६ इंच. रुंदी ४०. पुढे उरले १४, आणि दाराला हवेत १८. म्हणजे दार अर्धं उघडून भिंतीला टेकणार आणि चादर बाहेर काढताना रोज ओढाताण.

तेच मशिन एक चतुर्थांश फिरवून पाठ डाव्या टोकाच्या भिंतीला लावली, की बाल्कनीच्या साडेसात फूट लांबीतले फक्त २६ इंच जातात आणि पुढे पाच फुटांहून जास्त मोकळी जागा राहते. रुंदीत मशिनचे २४ इंच गेले, उरले १६. त्यातले चार आतल्या भिंतीच्या बाजूला आणि बारा कठड्याच्या बाजूला ठेवले. या बारा इंचांच्या फटीतून नळाला हात पोचतो, कोपऱ्यातली जाळी उघडून साफ करता येते, आणि पावसाळ्यात ग्रिलमधून येणारी झड थेट मशिनवर बसत नाही. नळ हलवावा लागला नाही, पाइप पुरला. प्लग आतल्या भिंतीवर असल्याने पाण्यापासून लांबच राहिला.

एकच गोष्ट आडवी आली, आणि ती नकाशात कुणालाच दिसत नाही. बाल्कनीचं दार बाहेरच्या बाजूला उघडत होतं आणि बिजागरी डावीकडे होती. उघडलेलं दार बरोबर मशिनच्या तोंडावर येऊन उभं राहायचं. सुताराला बोलावून बिजागऱ्या उजवीकडे घेतल्या, कडी दुसऱ्या बाजूला गेली, काम संपलं. तुमच्याकडे असं दार असेल तर मशिनची जागा रद्द करण्याआधी दाराची बाजू बदलता येते का ते बघा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला विचारून ते दार काढून माळ्यावर ठेवणं हाही एक मार्ग आहे, फक्त डास आणि पाऊस यांचा विचार करून.

दाराच्या चौकटीतून मशिन आत जाईल का हेही याच वेळी बघायचं. अडीच फुटी दार म्हणजे तीस इंच असं धरू नका. चौकट आणि अर्धवट मागे जाणारं दार वजा केलं की हातात २६ इंच उरतात. २४ इंची मशिन त्यातून जातं, पण पॅकिंगसकट जात नाही. खोका हॉलमध्येच सोडावा लागतो.

ड्राय बाल्कनी नसेल तर

लोकांच्या मनात पहिला विचार येतो तो ओट्याखाली. मासिकातल्या फोटोंमुळे असेल. आपला ओटा साधारण ३२ ते ३४ इंच उंच असतो आणि वरच्या ग्रॅनाइटची जाडी वजा केली की खाली जास्तीत जास्त तेहेतीस इंच मिळतात, बहुतेक वेळा कमीच. साडेतेहेतीस इंची मशिन त्यात शिरत नाही. ओटा नव्यानेच होत असेल आणि घरातल्या उंच माणसाची तक्रार नसेल तर त्या भागापुरता ओटा ३६ इंचांवर घ्यायला मिस्त्रीला सांगता येतं. शिवाय ओटा दोन फूट खोल, मशिन आणि पाइप मिळून २६ इंच, म्हणजे ते दोन इंच बाहेर डोकावणारच. फ्रंट लोडच्या पुढच्या बाजूला खाली एक झाकण असतं, त्याच्या आत पंपाची गाळणी असते. ती अधूनमधून काढून धुवावी लागते आणि काढताना वाटीभर पाणी सांडतं. ओट्याला खाली पट्टी लावून ते झाकण बंद करून टाकू नका. आतली नाणी, पिना आणि शर्टाची बटणं मग कुणालाच काढता येणार नाहीत.

बाथरूम हा माझ्या मते शेवटचा पर्याय. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये शॉवरचं पाणी मशिनवर उडतं, पत्रा खालून गंजतो आणि ओल्या हाताने प्लगला हात लागायची भीती राहते. दुसरा इलाजच नसेल तर मशिन शॉवरच्या उलट्या टोकाला, प्लग बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, आणि घराच्या मेन बोर्डात करंट गळला की वीज तोडणारा ३० मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी आहे की नाही ते वायरमनकडून तपासून, एवढं केल्याशिवाय नको.

विजेचं थोडक्यात सांगतो. पाणी गरम करणारं मशिन दोन हजार वॉटच्या आसपास ओढतं. त्याला मोठ्या पिनांचा १६ अँपियरचा प्लग आणि चांगलं अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही, त्याची वायर गरम होते. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर अर्थिंग नाही असं समजून मशिन बंद करा.

तिसरी पायरी: फ्रिज, आणि त्याचं दार

मशिनची जागा पक्की झाली की फ्रिजला वळायचं. इथे सगळा खेळ बिजागरीचा आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक एक दारी आणि वर-खाली दोन दारी फ्रिजना, त्यांच्यासमोर उभं राहिलं की, बिजागरी उजव्या हाताला असते आणि दार डावीकडून उघडतं. म्हणून फ्रिजसमोर उभ्या माणसाच्या डाव्या हाताला ओटा असावा आणि उजव्या हाताला भिंत. असं झालं की दार भिंतीकडे जातं आणि दुधाचं पातेलं थेट ओट्यावर ठेवता येतं. उलट झालं तर उघडलेलं दार तुम्ही आणि ओटा यांच्या मध्ये येऊन उभं राहतं, आणि दर वेळी त्याला वळसा घालावा लागतो.

उजवीकडे भिंत हवी, पण चिकटून नको. दार सरळ ९० अंशात उघडलं म्हणजे झालं असं वाटतं, पण खालचा भाजीचा ट्रे आणि काचेचे कप्पे बाहेर काढायला दार त्याहून थोडं जास्त उघडावं लागतं. भिंतीला खेटून फ्रिज ठेवला की ट्रे दाराच्या आतल्या खणांना अडतो आणि तिरका करून ओढावा लागतो. मग महिन्याभरात त्याचा कोपरा तडकतो. बिजागरीच्या बाजूला चार इंच सोडले तर ही अडचण येत नाही. दुकानात फ्रिज बघतानाच दार फक्त काटकोनात धरून ट्रे काढून बघा, तुमच्या मॉडेलला किती जागा लागते ते तिथेच कळेल.

दुसरं कारण उष्णतेचं. जुन्या फ्रिजला पाठीवर काळी जाळी असायची आणि गरम हवा मागून जायची. आताच्या बऱ्याच फ्रिजमध्ये ती नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत असते, त्यामुळे फ्रिजच्या कुशी गरम लागतात. नवीन माणसाला वाटतं बिघडला. बिघडलेला नसतो, पण त्या कुशींना हवा हवी. मागे तीन इंच, बाजूंना दोन-तीन इंच आणि वर निदान चार इंच सोडा. माहितीपत्रकात याहून जास्त लिहिलं असेल तर ते धरा. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीच्या आसपास असतो, त्यात फ्रिज फडताळात कोंबला तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही. गॅसच्या शेगडीपासून दोन फूट आणि दुपारच्या उन्हापासून पूर्ण लांब. ड्राय बाल्कनीत फ्रिज ठेवू नका, ऊन आणि पाऊस दोन्ही तिथे.

आता उदाहरण. घेणार होते ते दोन दारी, २४० लिटरच्या आसपासचं मॉडेल: २२ इंच रुंद, २६ खोल, पाच फुटांच्या वर उंच. बिल्डरने फ्रिजचा प्लग दिला होता स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या उजव्या हाताला, उजव्या भिंतीवर. तिथे फ्रिजचं तोंड ओट्याकडे येतं आणि बिजागरी हॉलच्या बाजूला. कागद टाकून बघितलं तर दार उघडल्यावर तीन फुटी वाटेतली पावणेदोन फूट वाट अडत होती. सकाळी डबे भरताना एकजण फ्रिज उघडून उभा आणि दुसरा हॉलमध्ये ताटकळत, असं रोज झालं असतं.

मग फ्रिज नेला समोरच्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात, ड्राय बाल्कनीच्या दाराशेजारी, पाठ समोरच्या भिंतीला आणि तोंड हॉलकडे. भिंत ३४ इंच आहे. उजवीकडे बिजागरीसाठी ४ सोडले, फ्रिजचे २२, आणि बाल्कनीच्या दारापर्यंत ८ इंच उरले. त्यामुळे बाल्कनीतून येणारी पावसाची झडही फ्रिजवर येत नाही. फ्रिजची डावी कूस आणि ओट्याची कड यांच्यामध्ये ४० इंच रस्ता राहतो, म्हणजे एकजण पोळ्या लाटत असताना दुसऱ्याला कपड्यांची बादली घेऊन बाल्कनीत जाता येतं. ओटा डाव्या हाताला, भिंत उजव्या हाताला, आपल्याला हवं तसंच.

उजव्या भिंतीवर रॅक करायचा होता. तो अगदी फ्रिजपासून सुरू केला असता तर फ्रिजचं दार रॅकला आपटलं असतं. फ्रिज मागच्या फटीसकट भिंतीपासून २९ इंच पुढे येतो आणि उघडलेलं दार आणखी दोन फूट. तेवढी, म्हणजे साधारण साडेचार फूट भिंत मोकळी ठेवली आणि रॅक हॉलच्या बाजूच्या चार फुटांत केला, एक फूट खोल. डबे, मिक्सर आणि वर देवाचा छोटा देव्हारा त्यात बसला.

प्लगसाठी बिल्डरच्या जुन्या पॉइंटवरून उजव्या भिंतीने केसिंग पट्टी ओढून नवा पॉइंट काढला, फ्रिजच्या बाजूला, हाताला येईल असा. प्लग फ्रिजच्या बरोबर मागे घेतला तर पिन टॉप दोन इंच जागा खातो आणि फ्रिज तेवढा पुढे येतो. शिवाय अडीअडचणीला प्लग काढायचा तर फ्रिज ओढावा लागतो. साध्या फ्रिजला ६ अँपियरचा पॉइंट पुरतो. स्टॅबिलायझर भिंतीला टांगा, फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका.

फ्रिज हॉलमध्ये ठेवायला कमीपणा मानू नये. स्वयंपाकघर सात बाय सातच्या आत असेल तर मी हॉलमधला, पण स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेला कोपराच सुचवीन. बेडरूममध्ये मात्र नको, रात्री कॉम्प्रेसर चालू झाला की झोपमोड होते. आणि गावभागात किंवा नदीच्या बाजूला तळमजल्यावर राहत असाल तर एक हिशोब आणखी धरा. २००५, २०१९ आणि २०२१ ला ज्या गल्ल्यांत पाणी आलं, तिथे चार इंचांच्या कट्ट्याने काही होत नाही. अशा घरी दोघांना जिन्याने वर नेता येईल असा एक दारी फ्रिजच बरा, आणि तो अशा जागी हवा की बाहेर काढताना कपाट हलवावं लागणार नाही.

चौथी पायरी: बसवण्याच्या दिवशी

ड्राय बाल्कनीच्या फरशीला जाळीकडे उतार असतो, त्यामुळे मशिन तिरकं उभं राहतं. खालचे पाय फिरवून ते समपातळीत आणायचं. वर स्पिरिट लेव्हल ठेवा, मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून दाबून बघा, डुगडुगलं तर एक पाय अजून हवेत आहे. उतार जास्त असेल किंवा जाळी तुंबून पाणी साचायची शक्यता असेल तर मिस्त्रीकडून तीन-चार इंचांचा विटांचा भरीव कट्टा करून वर फरशी बसवून घ्या, मशिनपेक्षा सगळ्या बाजूंनी दोन इंच मोठा. चाकांचा स्टँड फ्रंट लोडला नको. साठ-पासष्ट किलोचं मशिन मिनिटाला हजारभर फेरे घेत कपडे पिळायला लागलं की चाकांवर ते चालत चालत दारापर्यंत येतं.

तसं ते नव्या मशिनचं, पक्क्या फरशीवर असूनही होतं, तेव्हा कारण बहुतेक वेळा पाठीमागे सापडतं. फ्रंट लोडचा ड्रम वाहतुकीत हलू नये म्हणून मागून लांब बोल्ट आवळलेले असतात. ते काढल्याशिवाय मशिन चालवायचं नाही. बसवायला आलेल्या माणसाने ते काढून तुमच्या हातात दिले की नाही, हे त्याच्यासमोरच बघा.

पहिलं धुणं कपड्यांशिवाय चालवा आणि तेवढा वेळ बाल्कनीतच थांबा. नळाच्या आट्याला कोरडा कागद लावून बघा, ओला झाला तर वॉशर नीट बसलेला नाही. पाणी फेकताना जाळीकडे लक्ष ठेवा, आणि पिळताना मशिन कठड्याकडे सरकतं का तेही. सरकलं तर पाय पुन्हा आवळायचे.

फ्रिज टेंपोतून आडवा आला असेल तर उभा करून चारेक तास तसाच राहू द्या, मग बटण दाबा. त्या वेळात दार पूर्ण उघडून ट्रे काढून-घालून बघा. अडत असेल तर अजून इंचभर सरकवायला हीच वेळ चांगली, एकदा भरला की कुणी हात लावत नाही. आणि मशिनचे ते बोल्ट बिलासोबत एका पाकिटात घालून कपाटात ठेवा. घर बदलताना ते परत लावावे लागतात, आणि सुटे मागायला गेलात तर पटकन मिळत नाहीत.